एप्रिल-मेमध्ये लेझर मीटर आणि टेपचं जुळत नाही: चूक कुणाची ते कसं शोधायचं

दरवर्षी होळी झाली, उन्हं तापू लागली की माझ्याकडे एकच तक्रार येते. हिवाळ्यात बरोबर चालणारं लेझर मीटर दुपारी टेपपेक्षा दोन-अडीच सूत जास्त दाखवतं, कधी रीडिंग स्थिर राहत नाही, कधी नुसता एरर देतं. मग लोक ठरवतात की यंत्र बिघडलं, आणि नवीन घेतात. पुढच्या उन्हाळ्यात नव्याचंही तेच होतं. मी स्वतः या फेऱ्यातून गेलो आहे, म्हणून जे शोधलं ते सविस्तर लिहितो.

माझं काम शेड उभारणीचं. जळगाव, धरणगाव, चोपडा या भागात जिनिंगची गोडाऊनं आणि केळी पिकवण्याची केंद्रं बांधतो. ज्या कामावर हे सगळं सुरू झालं ती धरणगावकडची एक जिनिंग शेड. आडवं अंतर कॉलम ते कॉलम चोवीस मीटर. कॉलम जुन्याच आरसीसीचे होते आणि ट्रस वर्कशॉपमध्ये बनवून आणायचा होता, म्हणून माप काटेकोर हवं होतं. दुपारी दोनच्या सुमारास टेपने माप निघालं २३.९९४. लेझरने पहिल्यांदा २४.००२, लगेच दुसऱ्यांदा २४.००८, आणि तिसऱ्यांदा चार-पाच सेकंद विचार करून एरर. आमचे मिस्तरी नाना पन्नास वर्षं टेप धरत आले आहेत. ते म्हणाले, "भाऊ, हाई यंत्र खराब शे." मालकही टेपच्याच बाजूने. मी गप्प बसलो, कारण माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

खरी अडचण अशी होती की दोन मापं जुळत नव्हती आणि तिसरं, ज्यावर विश्वास ठेवावा असं माप माझ्याकडे नव्हतं. म्हणून आधी ते तयार केलं.

आधी दोन मिनिटांची तपासणी

पक्क्या अंतराकडे जाण्याआधी एक गोष्ट बघून घ्या. यंत्र कुठल्या टोकापासून मोजतंय? पडद्यावर कोपऱ्यात छोटं चिन्ह असतं: मागची कड, पुढची कड किंवा स्टँडचा आटा. बटण चुकून दाबलं गेलं तर माप यंत्राच्या लांबीएवढं, म्हणजे साधारण दहा-बारा सेंटीमीटरने चुकतं. मागची खिट्टी अर्धी उघडी असेल तरही घोळ होतो. फरक प्रत्येक अंतराला सारखाच आणि एवढा मोठा येत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. आमचा फरक काही मिलिमीटरचा होता, म्हणून पुढे गेलो.

पक्कं अंतर कसं तयार केलं

माझ्या वर्कशॉपमध्ये एका भिंतीलगत लांब सरळ फरशी आहे. तिच्यावर दिवसभर ऊन येत नाही. तिथे एका ओळीत तीन जागी लोखंडी पट्टीचे तुकडे फरशीत पक्के बसवले आणि प्रत्येकावर अणकुचीदार सुईने एक बारीक आडवी रेघ मारली. त्यांना अ, ब, क म्हणू. अ ते ब नऊ मीटर, ब ते क पंधरा, अ ते क चोवीस. चोवीस मुद्दाम घेतलं, कारण भांडण त्याच अंतरावर होतं.

यंत्र नुसतं फरशीवर ठेवून चालत नाही. किरण जमिनीला घासत जातो आणि चोवीस मीटरवर ठिपका चांगला दीड सेंटीमीटर रुंद होतो, त्याचा खालचा भाग फरशीवरच पडतो. म्हणून तीस सेंटीमीटर उंचीचे दोन सारखे सागवानी ठोकळे बनवले. एकावर यंत्र ठेवायचं, त्याची मागची कड ठोकळ्याच्या मागच्या अंगाशी अगदी लेव्हल, आणि ते अंग गुण्या लावून रेघेवर. दुसऱ्या ठोकळ्याच्या पुढच्या अंगावर पांढरं मॅट कार्ड, आणि कार्डाचा पृष्ठभाग रेघेवर. इथे एक बारीक चूक माझ्याकडून झाली होती: ठोकळा रेघेवर ठेवला आणि कार्ड त्याच्या पुढे चिकटवलं. कार्ड दोन मिलिमीटर जाड, त्यामुळे सगळी मापं दोन मिलिमीटरने कमी. रेघेवर कार्डाचा चेहरा यायला हवा, लाकडाचा नाही.

किरण थोडा तिरका गेला तर काय, असं बरेच जण विचारतात. दहा मीटरवर दहा सेंटीमीटर बाजूला गेला तरी माप फक्त अर्धा मिलिमीटर वाढतं. तेव्हा त्याची फार काळजी नको, पण ठिपका कार्डाच्या मध्यावर हवा.

आता या रेघांमधलं खरं अंतर ठरवायचं. त्यासाठी तीस मीटरची स्टीलची टेप घेतली, जिचा एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा दाखला माझ्याकडे होता. फायबरची टेप या कामाला घेऊ नका. ती ताणली की लांबते. टेप पूर्ण फरशीवर टेकलेली, एका टोकाला पाच किलोचा स्प्रिंगचा काटा लावून ओढलेली, कारण दाखला तेवढ्या ताणावरच दिलेला होता. हाताने कधी जोरात, कधी हळू ओढलं तर तीस मीटरला दोन-तीन मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात.

वेळ घेतली पहाटे पावणेसहाची. थर्मामीटर टेपला टेकवून वर कापसाची घडी ठेवली आणि पाच मिनिटांनी वाचलं: २७ अंश. टेपवरच्या ९.००० आणि २४.००० च्या खुणांवर ब आणि क च्या रेघा मारल्या. पण या रेघांचं खरं अंतर बरोबर नऊ आणि चोवीस नाही, आणि सगळ्याचं मूळ इथेच आहे.

टेपवरचे आकडे २० अंश तापमानाला खरे असतात. स्टील एका अंशाला प्रत्येक मीटरमागे ०.०११५ मिलिमीटर वाढतं. म्हणजे चोवीस मीटरची टेप एक अंश तापली की जवळपास ०.२८ मिलिमीटर लांबते. पहाटे सात अंश जास्त होते, म्हणून वाढ १.९ मिलिमीटर. शिवाय दाखल्याप्रमाणे माझ्या टेपची चोवीसची खूण मुळातच १.२ मिलिमीटर पुढे होती. दोन्ही मिळवून अ ते क चं खरं अंतर २४.००३१ मीटर. तसंच अ ते ब ९.००११ आणि ब ते क १५.००२०.

हे अंतर मी मिलिमीटरच्या आत बरोबर मानतो, त्याहून बारीक नाही. एखाद्या सर्व्हेअरकडून टोटल स्टेशनने ठरवून घेतलं तर सोय होते, पण त्या यंत्राचीही स्वतःची चूक दोनेक मिलिमीटरची असू शकते, आणि अशा पायावर लेझर मीटरची एक मिलिमीटरची चूक पकडता येणार नाही. फरशीही तापून थोडी वाढते, म्हणून सावलीतली जागा घ्यायची.

पहाटेची पहिली परीक्षा

त्याच पहाटे, अंधारलेल्या शेडमध्ये, पांढऱ्या कार्डावर प्रत्येक अंतराची दहा-दहा रीडिंग घेतली. दहा का? एका रीडिंगने तुम्हाला फक्त एक आकडा मिळतो. दहा घेतली की दोन गोष्टी कळतात: सरासरी किती, आणि आकडे किती पसरतात. या दोन गोष्टींना वेगवेगळी कारणं असतात, म्हणून त्या वहीत वेगळ्या लिहायच्या.

सरासरी आली: अ ते ब ९.००१८, ब ते क १५.००२६, अ ते क २४.००३४. दहाही आकडे एकमेकांपासून एका मिलिमीटरच्या आत.

आता असा एक हिशेब, ज्याला पक्क्या अंतराची गरजच नाही. ज्याच्याकडे दाखल्याची टेप नाही त्यानेही हा करावा. यंत्रात कायमची चूक असेल, समजा प्रत्येक माप तीन मिलिमीटर जास्त, तर ती अ-ब मध्ये एकदा येईल, ब-क मध्ये एकदा येईल, पण सलग अ-क मध्ये एकदाच येईल. म्हणून दोन तुकड्यांच्या बेरजेतून सलग माप वजा केलं की कायमची चूक उघडी पडते.

```
अब + बक − अक = कायमची चूक
९.००१८ + १५.००२६ − २४.००३४ = ०.००१०
```

एक मिलिमीटर. पण तीन सरासऱ्यांच्या हिशेबात प्रत्येकीची अर्धा-पाऊण मिलिमीटरची शंका मिसळते, तेव्हा एवढा फरक दोष म्हणता येत नाही. तीन मिलिमीटर आला असता तर विचार करावा लागला असता. या हिशेबाची एक मर्यादा आहे: यंत्र प्रत्येक मीटरमागे थोडं थोडं चुकत असेल तर ते यात दिसत नाही. त्यासाठी पक्क्या अंतराशीच तुलना हवी. तीही केली. फरक अनुक्रमे ०.७, ०.६ आणि ०.३ मिलिमीटर जास्त, म्हणजे अंतर वाढतं तसा वाढतही नाही. कंपनीने या यंत्राला दोन मिलिमीटरची मुभा दिली आहे, आणि माझं यंत्र तिच्या आत होतं.

थोडक्यात पहाटे यंत्र निर्दोष. मग दुपारी काय होतं?

दुपारी टेपचं काय होतं

दुपारी दोनला तीच टेप, तीच रेघ. टेप आता ४६ अंशांवर. क च्या रेघेवर टेप २३.९९५ दाखवू लागली. पहाटे २४.००० होतं. लेझर मात्र २४.००३ वरच. फरक आठ मिलिमीटर, आणि तो लेझरमुळे नाही.

टेप तापून लांबली, म्हणजे तिच्यावरच्या खुणा एकमेकींपासून दूर गेल्या. लांब झालेल्या टेपने मोजलं की माप कमी येतं. २० वरून ४६ अंश म्हणजे २६ अंशांची वाढ, चोवीस मीटरला ७.२ मिलिमीटर. धरणगावला तर टेप उघड्या शटरसमोर उन्हात पसरली होती, ती पन्नास अंशांच्या आसपास असणार. तेव्हा दाखल्याची १.२ मिलिमीटर धरून चूक नऊ मिलिमीटरच्या पुढे. खानदेशात मे महिन्यात हे काही अपवादाचं नाही, रोजचंच आहे. आपण लहानपणापासून टेपला प्रमाण मानत आलो, म्हणून दोषाचं बोट आपोआप नव्या यंत्राकडे जातं.

लेझरवर गरमीचा परिणाम होतो, पण फार कमी. गरम हवा विरळ असते, प्रकाश तिच्यातून जरा वेगाने जातो, म्हणून यंत्र माप किंचित कमी दाखवतं: एका अंशाला मीटरमागे साधारण एक हजारांश मिलिमीटर. पहाटेपेक्षा वीस अंश वाढले तरी चोवीस मीटरला अर्धा मिलिमीटरही नाही. स्टीलच्या टेपच्या मानाने दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

नानांनी इथे एक रास्त प्रश्न विचारला: "मग एवढी वर्षं आपण दुपारी लोखंड कापलं, ते कसं बसलं?" उत्तर असं की स्टीलच्या टेपने स्टीलचाच ट्रस मोजताना दोघंही सारखेच तापलेले असतात, दोघंही सारखेच वाढतात, आणि टेप तुम्हाला ट्रसचं २० अंशांचं माप देते. लेझर त्या ट्रसची आत्ताची, तापलेली लांबी देतं. दोन्ही खरं. गोंधळ तेव्हा होतो जेव्हा थंड सावलीतले आरसीसी कॉलम उन्हातल्या टेपने मोजतो आणि वर्कशॉपमध्ये तेच माप लेझरने धरतो. आम्ही नेमकं तेच करत होतो.

तेव्हा दुपारी टेप वापरायचीच असेल तर तिचं तापमान लिहा आणि वीसच्या वरच्या प्रत्येक अंशाला दहा मीटरमागे ०.११५ मिलिमीटर मापात मिळवा.

पसरणारे आकडे: समोरचा पृष्ठभाग

टेपने आठ-नऊ मिलिमीटरचा हिशेब लागला. पण २४.००२, मग २४.००८, मग एरर, याचा नाही लागला. टेपचा यात संबंध नाही, कारण हे लेझरचेच आकडे आपसात भांडत होते.

धरणगावला ठिपका कशावर पडत होता ते आठवलं. समोरच्या कॉलमवर गडद हिरवा ऑइलपेंट होता, अर्धा भाग निळ्या ताडपत्रीने झाकलेला. घरच्या पक्क्या अंतरावर कार्ड तसंच ठेवून त्यावर एकेक वस्तू लावून बघितली. प्रत्येक वेळी तिचा पुढचा चेहरा रेघेवर येईल असा ठोकळा सरकवला.

यंत्र लाल प्रकाश सोडतं, ६३५ नॅनोमीटरच्या आसपासचा. समोरचा पृष्ठभाग आपल्या डोळ्यांना किती उजळ दिसतो याच्याशी यंत्राला कर्तव्य नाही, तो लाल रंग किती परत पाठवतो एवढंच महत्त्वाचं. म्हणून रेड ऑक्साइड मारलेल्या अँगलवर, जो आपल्याला गडद वाटतो, रीडिंग जवळजवळ पांढऱ्या कार्डासारखीच आली. निळ्या ताडपत्रीवर यंत्राने प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद घेतले आणि दहा रीडिंग पाच मिलिमीटरभर पसरली. गडद हिरव्या पेंटचंही तसंच. केळीच्या बागेत काम करणाऱ्यांना हे लगेच पटेल: हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं, आणि शेडनेटला तर भोकंही असतात, त्यातून अर्धा ठिपका मागे जाऊन यंत्र मधलाच काहीतरी आकडा देतं.

जागेवर ओळखायची एक सोपी युक्ती: लाल जिलेटिन कागदाचा तुकडा खिशात ठेवा आणि त्यातून समोर बघा. त्यातून जे काळं दिसेल ते यंत्रालाही काळंच.

नवीन चकचकीत जीआय पत्र्याचा त्रास उलटा. किरण जरा तिरका असेल तर आरशासारखा दुसरीकडे जातो, आणि पत्र्यात दिसणाऱ्या मागच्या भिंतीचं अंतर मोजलं जाऊ शकतं. अगदी सरळ असेल तर उजेड इतका परत येतो की यंत्राला झेपत नाही. असा पृष्ठभाग समोर असेल तर मापच घेऊ नका, कार्ड लावा.

एक पृष्ठभाग मात्र वेगळ्या प्रकारे फसवतो, आणि केळी पिकवण्याच्या केंद्रात तो नेहमी भेटतो: उघडं थर्माकोल. पांढरंशुभ्र, आकडे छान स्थिर, पण दहाही रीडिंग तीन मिलिमीटर जास्त. लाल प्रकाश थर्माकोलच्या आत थोडा शिरतो, दाण्यादाण्यांत फिरतो आणि मग परत येतो. तो जास्तीचा प्रवास मापात मोजला जातो. अर्धपारदर्शक पांढरं प्लास्टिक आणि पॉलिश केलेला पांढरा संगमरवरही असंच करतात. स्थिर आकडा म्हणजे बरोबर आकडा, असं इथे धरू नका.

पसरणारे आकडे: ऊन

मग तेच कार्ड उन्हात नेलं. वर्कशॉपच्या दारातून बाहेर, अ पासून साधारण वीस मीटरवर. सावलीत दहा रीडिंग एका मिलिमीटरच्या आत. थेट उन्हात त्याच जागी त्याच कार्डावर तीन मिलिमीटरच्या आत, आणि प्रत्येकाला जास्त वेळ. निळ्या ताडपत्रीवर उन्हात दहापैकी सहा वेळा एरर.

दुपारचं थेट ऊन म्हणजे एक लाख लक्सच्या घरातला प्रकाश. शेडच्या आतला काही शे लक्स. यंत्राचा लेझर मात्र एक मिलिवॅटहून कमी. यंत्राची भिंग समोरच्या ठिपक्यातून जे येईल ते गोळा करते, लेझरही आणि ऊनही. लाल गाळणी असते, पण उन्हातही लाल रंग असतोच. उन्हाचा प्रकाश माप एका बाजूला ढकलत नाही, तो गोंगाट वाढवतो. म्हणून सरासरी जागेवर राहते आणि आकडे पसरतात. यंत्र जास्त वेळ ऐकून गोंगाटातून आपला आवाज शोधतं, आणि तरी नाही सापडला तर एरर देतं. कंपन्यांच्या पुस्तिकेत दोन वेगळ्या अचूकता लिहिलेल्या असतात, अनुकूल परिस्थितीतली आणि प्रतिकूल परिस्थितीतली, ती याचसाठी. आयएसओ १६३३१-१ हे मानक हेच सांगतं की समोरच्या पृष्ठभागाची परावर्तकता, आजूबाजूचा उजेड आणि तापमान सांगितल्याशिवाय अचूकतेच्या आकड्याला अर्थ नाही. डब्यावरचा दोन मिलिमीटरचा आकडा पांढरी भिंत आणि कमी उजेड असलेल्या खोलीचा असतो.

एररचा आकडा पुस्तिकेत बघा. "परत आलेला प्रकाश कमी", "प्रकाश जास्त" आणि "आजूबाजूचा उजेड जास्त" यांचे बहुतेक यंत्रांवर वेगवेगळे क्रमांक असतात, आणि ते कंपनीनुसार बदलतात. धरणगावच्या यंत्राने पहिला दिला होता. मी तो न बघताच पुन्हा बटण दाबत होतो.

उपाय छत्री. पण ती स्वतःवर नव्हे, समोरच्या कार्डावर धरायची. यंत्र बघतं ते कार्डाकडे, तुमच्याकडे नाही. तुमच्या डोक्यावर सावली आणि कार्डावर ऊन असेल तर काही फायदा नाही. उलट कार्डावर सावली पडली की वीस मीटरवरही उन्हात सावलीतल्यासारखंच माप येतं, मी तपासून पाहिलं. सूर्य समोरून थेट भिंगेत येत असेल तर मात्र यंत्रावरही हात धरा. उघड्या शटरच्या चौकटीची कड मोजताना ठिपका कडेवर अर्धा आणि बाहेर अर्धा जाऊ देऊ नका.

आणि यंत्र गाडीच्या डिकीत ठेवू नका. दुपारी डिकीतून काढलेलं यंत्र पन्नास अंशांच्या पुढे असू शकतं, आणि पन्नास ही बऱ्याच यंत्रांची वरची मर्यादा असते, स्वस्तातल्यांची चाळीसच. सावलीत वीस मिनिटं ठेवा, मग मोजा.

शेवटी उरलेला गुन्हेगार

एवढं करूनही एक गोष्ट जुळत नव्हती. हिरव्या पेंटवर आकडे पसरायचे ते ठीक, पण सरासरीही चार मिलिमीटर जास्त यायची. पांढऱ्या कार्डावर तसं होत नव्हतं. अंधाऱ्या पृष्ठभागाने आकडे पसरायला हवेत, सरकायला नकोत.

यंत्राचं तोंड बॅटरीच्या उजेडात तिरकं धरून पाहिलं तर भिंगेच्या कडेला रुईचे दोन-तीन बारीक तंतू चिकटलेले, मधोमध तेलकट बोटाचा ठसा. जिनिंगमध्ये हवेत रुई उडतच असते. बाहेर जाणाऱ्या किरणाचा थोडासा भाग त्या तंतूवर आपटून लगेच भिंगेत परत यायचा. हा परतावा इवलासा असतो. पांढऱ्या कार्डाच्या भरपूर उजेडात तो हरवून जातो. पण समोरून येणारा प्रकाशच कमी असेल तेव्हा हा खोटा परतावा खऱ्यात मिसळून माप सरकवतो, आणि किती सरकेल ते अंतरावर आणि प्रकाशावर अवलंबून, म्हणून ठरावीक वजाबाकी करून सुटका होत नाही.

फुंकणीने रुई उडवली, चष्म्याच्या मऊ कापडाने जरासा ओलावा लावून ठसा पुसला. शर्टाच्या टोकाने पुसू नका, धुळीने ओरखडे पडतात. त्यानंतर हिरव्या पेंटवर सरासरी एक मिलिमीटरच्या आत आली. पसरट राहिले, पण सरकले नाहीत.

मग पुन्हा धरणगावला, या वेळी सकाळी सहाला. कॉलमवर पांढरं कार्ड, भिंग स्वच्छ, शटर बंद. लेझर दहा वेळा: २४.००३ आणि २४.००४ यांच्यामध्येच. टेप २८ अंशांवर २४.०००, तापमानाची २.२ आणि दाखल्याची १.२ मिलिमीटर भर घालून २४.००३४. नानांनी स्वतः दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि ट्रस त्या मापाला बनवला.

एक शक्यता राहते. पहाटे, पांढऱ्या कार्डावर, स्वच्छ भिंगेने अब-बक-अक चा हिशेब तीन-चार मिलिमीटर देत असेल, किंवा पक्क्या अंतराशी फरक अंतरासोबत वाढत जात असेल, तर यंत्रातच दोष आहे, बहुधा खाली पडल्याचा. काही यंत्रांच्या मेनूमध्ये मापात ठरावीक आकडा मिळवण्याची सोय असते. ती वापरून दोष झाकू नका, कारण ती सोय विसरली गेली की पुढच्या कामावर सगळीच मापं चुकतात. आधी तो आकडा शून्य आहे ना ते तपासा, मग पुन्हा तीन अंतरं मोजा, आणि तरी फरक राहिला तर वहीतली दहा-दहा रीडिंग सोबत जोडून यंत्र सर्व्हिसला पाठवा.